जामीनदाराची जागा

रविवार, १ सप्टेंबर १९८५

या डायरीच्या मुद्रकाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. आठ महिने सोसली, आज नोंदवून ठेवतो. सोमवार ते शनिवार प्रत्येक वाराला सबंध पान आणि रविवारला अर्धे. मास्तर माणसाला विचार करायला वेळ मिळतो तो रविवारी. सोमवारी दुपारी आठवी 'ब'ला विभक्ती शिकवून आलेल्या माणसाच्या डोक्यात पानभर काय उरणार? पण डायरी फुकट मिळालेली. निपाणीच्या एका तंबाखूवाल्याच्या चिरंजीवांना मी संस्कृतात कसेबसे पार केले, त्याची ही वार्षिक दक्षिणा. दक्षिणेचे दात मोजू नयेत म्हणून गप्प बसलो होतो.

मुख्य गोष्ट राहिलीच. अंजनाला नोकरीचे पत्र आले. उद्यमबागेतला पंपांचा कारखाना. ग्रॅज्युएट ट्रेनी इंजिनियर, महिना आठशे. माझ्या बायकोने, विनोदिनीने, तिच्या हातावर साखर ठेवली आणि स्वतः डोळे पुसत आत गेली. मी "छान" म्हणालो. आणखी काही म्हणायला हवे होते. जागा संपली.

सोमवार, २ सप्टेंबर

कालचे उरलेले. अंजना ही माझी निपाणीची विद्यार्थिनी. मी तिथल्या हायस्कुलात होतो तेव्हा आठवीत आली. आई तानीबाई विड्या वळणारी, वडील लहानपणीच गेलेले. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या त्या दीड खोलीत बसून पोरीने माझे शब्दरूपावलीचे पुस्तक दोन महिन्यांत संपवले आणि मग पुढचे मागायला आली. पुढे माझी बेळगावला बदली झाली. तिला इथे इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि राहायला जागा मिळेना. तीन घरांनी आडनाव ऐकून खोली नुकतीच गेल्याचे सांगितले. चौथ्या घरी विचारायला जाण्याआधी विनोदिनी म्हणाली, "आपली मागची खोली काय लाकडं ठेवायला बांधलीय?" त्या गोष्टीला चार वर्षे झाली. लाकडे अंगणात भिजतात.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पत्रासोबत चार पानी करारनामा आहे. कारखान्याच्या भाषेत 'बॉण्ड'. सही करून पहिल्या ऑक्टोबरला रुजू व्हायचे.

अंजनाने तो तीनदा वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. "सर, तुम्ही बघा. मला कुठं तरी टोचतंय, पण कुठं ते सापडत नाही."

इंग्रजी कायद्याची वाक्ये ही आपल्या गद्यकाव्यातल्या समासांची भावंडे आहेत. क्रियापद शोधायला खालच्या मजल्यावर जावे लागते. मी पेन्सिल घेऊन अन्वय लावला. अर्थ असा: एक वर्ष प्रशिक्षण. त्यानंतर तीन वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडली तर पंधरा हजार रुपये भरायचे. डिग्रीची मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायची. सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या कुठल्याही पंपाच्या कारखान्यात काम करायचे नाही. शिवाय स्थावर मालमत्ता असलेला एक जामीनदार. आणि कंपनीला मात्र एक महिन्याची नोटीस देऊन हिला काढता येईल.

"म्हणजे बांधलेली मी एकटी," अंजना म्हणाली.

"तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत," मी म्हणालो. "पूर्वी गुरुगृही बारा वर्षं राहत."

"तिथं पंधरा हजार घेत नव्हते ना, सर."

मी चष्मा पुसला.

तिची अडचण मला ठाऊक आहे. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यासाठी तिने अर्ज केलाय. लेखी परीक्षा जानेवारीत, आणि पुढचे सगळे त्यांच्या सवडीने; वर्ष जाईल, दीड जाईल. तोवर थांबता येत नाही, कारण तानीबाईंचा खोकला थांबत नाही. पहिल्या पगारापासून आईचे विड्या वळणे बंद करायचे, असे पोरीने ठरवलेय. नोकरी हवीच. फक्त तिच्यात चार वर्षे अडकून पडायचे नाही.

जामीनदाराच्या जागी कोणाचे नाव घालायचे हा प्रश्नच नव्हता. टिळकवाडीतले हे तीन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन. आठवी 'ब'ने मला गुलाबाचे एक फूल आणि वर्गाबाहेर एक तास दिला. त्या तासात सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन घराच्या उताऱ्यासाठी अर्ज केला. कारकून कन्नडमध्ये म्हणाला, सोमवारी या. मी मराठीत म्हणालो, येतो. दोघांनाही सगळे समजले.

संध्याकाळी अंजनाला घेऊन रघुवीर वकिलांकडे. हा माझा शाळासोबती; तेव्हा माझ्या वहीतून संस्कृत उतरवायचा, आता फी घेत नाही. करार वाचताना त्याने चहाचे दोन कप संपवले, त्यातला एक माझा होता.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "पंधरा हजार लिहिलेत म्हणून पंधरा हजार मिळतात असं नाही. करार कायद्याचं चौऱ्याहत्तरावं कलम. आकडा ही वरची मर्यादा. कोर्ट त्यांना वाजवी तेवढीच भरपाई देणार. तुला शिकवायला खरंच काय खर्च झाला, किती दिवस तू राबलीस, हे सगळं बघणार."

"आणि दुसऱ्या कारखान्यात जायचं नाही, ते?"

"नोकरीत असेतो दुसरीकडे जायचं नाही, हे ठीक. पण सोडल्यावर सुद्धा पोटापाण्याचा धंदा करायचा नाही, असं कुणी कुणाकडून लिहून घेतलं तर ते सत्ताविसाव्या कलमाखाली रद्द. तरी कागदावर ठेवू नको. लोक कागदाला भितात."

"मग घाबरायचं कशाला?" मी विचारले.

रघुवीरने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "अरे, खटला जिंकायला सहा वर्षं लागतात, तोवर ही काय करणार? आणि खटल्याची तरी गरज कुठाय? मूळ सर्टिफिकिटं त्यांच्या कपाटात. ती नसतील तर बेंगळुरूवाले हिला दारात उभं करतील? खरी बेडी ती आहे, पंधरा हजार नव्हे. आणि जामीनदार कोण?"

"मी."

"तर तुझी जबाबदारी हिच्याइतकीच. एकशे अठ्ठाविसावं कलम. ते हिच्या मागे न लागता थेट तुझ्याकडे येऊ शकतात. हिच्याकडे काय आहे? तुझ्याकडे घर आहे."

मी म्हणालो, येऊ देत, चहा पाजू. रघुवीर हसला. अंजना हसली नाही. परत येताना तिने मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालायला लावले, जणू मी म्हातारा झालोय.

रविवार, ८ सप्टेंबर

अंजनाला घेऊन निपाणीला गेलो, तानीबाईंना सगळे सांगायला. जागा अर्धी, मजकूर दीडपट. म्हणून यातला मोठा भाग उद्याच्या पानावर अतिक्रमण करून लिहीत आहे. मुद्रकाने हवी ती कारवाई करावी.

तानीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. बोलताना त्यांचे हात थांबत नाहीत. पान कापले, तंबाखू भरली, वळले, दोरा बांधला. मी करार मराठीत समजावून सांगितला. सोपे करून सांगतोय याचा थोडा अभिमानही वाटत होता.

त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "मास्तर, ते शिकायचं वरीस. ते सरलं म्हणून कोन सांगनार?"

"म्हणजे?"

"म्हंजे पोरगी शिकली, पास झाली, असं कोन ठरवनार?"

"कंपनी."

त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. "आन् कंपनी न्हाय म्हनली तर?"

मी करार काढला. पहिल्या पानाच्या तळाशी, मी अन्वय लावून पुढे गेलो होतो त्याच वाक्याच्या शेपटीत होते: प्रशिक्षण समाधानकारक न वाटल्यास कंपनी आपल्या मर्जीने ते वाढवू शकेल. आणि दुसऱ्या पानावर: तीन वर्षे मोजायची ती प्रशिक्षण समाधानकारकपणे पूर्ण झाल्याच्या तारखेपासून.

"आई!" अंजना पुढे सरकली. "हेच टोचत होतं!"

"त्यात काय एवढं," तानीबाई म्हणाल्या. "आमी हजार इड्या वळून न्यायच्या. तपासनारा बसतो. मूठभर उचलतो, ही बारकी, ही ढिली, छाट म्हनतो. छाटीचं पैसं न्हाईत. पर छाट इडी माघारी देत्यात व्हय? ती बी त्याच्याच टोपल्यात जाती. पंचवीस वरसं बघत आले. मोजनारा त्यो, छाटनारा बी त्योच, मग आपली हजार कदी भरायची?"

मी तीस वर्षे सूत्रांतला एकेक शब्द पुढच्या सूत्रात कुठवर ओढायचा हे शिकवतो. ते 'समाधानकारक' एका पानावरून दुसऱ्या पानावर ओढलेले मला दिसले नाही. विड्या वळणाऱ्या बाईंना न वाचता दिसले. मी तसे कबूल केले.

"ऱ्हाऊ द्या वो," त्या म्हणाल्या. "तुमास्नी कुनी छाटलं न्हाय आजवर, म्हून."

निघताना त्यांनी मला बाजूला घेतले. "मास्तर, पोरगी कंपनीला लिवील तवा तिला धीर द्या. भांडू नको म्हना, पर इचारायचं सोडू नको म्हना." मी हो म्हणालो. मग हळूच म्हणाल्या, "ती तकडं बेळगावात हाय तवर मला घोर न्हाय. तुमी हाईसा." मला बरे वाटले. इतके बरे वाटायचे कारण नव्हते.

मंगळवार, १० सप्टेंबर

कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला. अडीच पाने. 'अत्यंत विनम्रतापूर्वक निवेदन करण्याची अनुज्ञा असावी' या अर्थाच्या इंग्रजीने आरंभ. अंजनाने तो फार आदराने वाचला आणि मग तिचा अर्ध्या पानाचा काढला.

त्यात तिने बॉण्ड नको असे कुठेच म्हटले नाही. लिहिले की मला नोकरी आनंदाने मान्य आहे. कंपनी माझ्यावर खर्च करणार, तर काही काळ थांबणे मलाही रास्त वाटते. फक्त काही शब्द बदलावेत. प्रशिक्षण बारा महिने. त्या आत लेखी कारणे दिली नाहीत तर ते पूर्ण झाले असे धरावे. एकूण मुदत दोन वर्षे, आणि ती रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजावी. रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी, आणि जितके महिने काम केले तितकी ती कमी होत जावी. कंपनीने स्वतः काढून टाकले तर काहीही देणे नाही. मूळ प्रमाणपत्रे दाखवून परत, कंपनीकडे साक्षांकित नकला. सोडल्यानंतरची बंदी नको. जामीनदार नको.

"शेवटचं कशाला?" मी म्हणालो. "जामीनदार तर आहे. उतारासुद्धा मिळाला काल."

"असू दे, सर. मागून बघायला काय जातंय."

"दोन वर्षं म्हणजे त्यांना फारच कमी वाटतील. तीन म्हण. तीन सभ्य आकडा आहे."

विनोदिनी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कंपनीकडून आहात की हिच्याकडून?"

मी म्हणालो, मी तटस्थ भाष्यकार आहे. तिने मेथीची एक काडी माझ्याकडे फेकली.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

कंपनीचे उत्तर, तीन दिवसांत. उद्या अकरा वाजता येऊन भेटावे. सोबत प्रस्तावित जामीनदारास आणावे. अंजना रात्री जेवली नाही. "पत्रच रद्द करतील का हो, काकू? आईला पगाराची तारीख सांगून बसलेय मी." विनोदिनी म्हणाली, "रद्द करायला कुणी बोलावून घेतं का? आधी चार घास खा." मी नवीन शाई भरून पेन तयार ठेवले.

शनिवार, १४ सप्टेंबर

शाळेत रजा. कोट घातला. उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मॅनेजर हल्याळकर हे गृहस्थ माणूस म्हणून वाईट नाहीत. टेबलावर गणपती, एक पंपाचे चाक आणि अंजनाचे पत्र, त्याला लाल पेन्सिलीच्या खुणा.

"मिस अंजना, आजवर पंचवीस-तीस जणांनी या बॉण्डवर सही केली. कुणी प्रश्न विचारला नाही."

"त्यातले किती राहिले, सर?"

हल्याळकरांनी चाक थोडे फिरवले. "हाच तर प्रश्न आहे. वर्षभर शिकवतो, पुण्याला सहा आठवडे पाठवतो, आणि पोरं पळतात. तुमचं तर काय, उद्या लग्न ठरलं की..."

"लग्न ठरलं तर मुदत पूर्ण करूनच जाईन. ते लिहूनच देतेय ना मी. पुण्याचा खर्च किती येतो?"

त्यांनी कपाटातून फाइल काढली. प्रवास, राहणे, फी, पगार धरून साधारण साडेपाच हजार. अंजना म्हणाली, "मग साडेपाच लिहा. मी तो आकडा नाकारत नाही." ते म्हणाले, इथल्या माणसांचा वेळही जातो. ती म्हणाली, बरोबर आहे. शेवटी सात हजार ठरले, दर महिन्याला कमी होणारे. प्रमाणपत्रांवर ते लगेच नमले. "ती ठेवायला आमच्याकडे तरी कुठं जागा आहे," म्हणाले. नंतरची बंदी लाल पेन्सिलीने उडवली. काढून टाकल्यास देणे नाही, हेही लिहिले. 'समाधानकारक'शी आल्यावर त्यांनी विचारले, "हे तुम्हाला कुणी दाखवलं? वकिलांनी?"

"आईनं. ती विड्या वळते."

हल्याळकरांनी लाल पेन्सिल उचलली. मग म्हणाले, "माझी आजी गोकाकला सूत कातायची," आणि ती ओळ पूर्ण खोडली.

राहिली मुदत. ते म्हणाले, "हे सगळं मान्य. पण मुदत तीन वर्षं, रुजू झाल्यापासून. याखाली मालक ऐकणार नाहीत."

आणि मी बोललो. मला कुणी विचारले नव्हते. "तीन वर्षं काही फार नाहीत," मी म्हणालो. "रास्त आहे."

अंजनाने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. परीक्षेत अनोळखी प्रश्न आला की ती कागदाकडे पाहायची, तसे. मी हे सामोपचारासाठी बोललो. बोलणी तुटू नयेत म्हणून. कोणीतरी मध्यम मार्ग सुचवायलाच हवा होता.

ती हल्याळकरांकडे वळली. "दोनच जमतील, सर."

"दोन हवी तर जामीनदार लागणार. मालकांना काहीतरी हातात लागतं. जामीनदार नको असेल तर अडीच. दोन्हीतलं एक सांगा."

मी पिशवीतून उतारा काढलाच होता. पेनचे टोपणही. म्हणालो, "त्यात प्रश्न काय? दोन वर्षं आणि मी."

"अडीच," अंजना म्हणाली. "जामीनदाराची जागा खोडा."

हल्याळकरांनी पट्टी ठेवून ती ओळ सरळ खोडली. मी टोपण परत लावले. नवीन प्रत सोमवारी टाइप होऊन येईल.

बाहेर आल्यावर मी अभिनंदन केले. बसस्टॉपवर तिने दोन लिंबू सोडे घेतले आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. मी म्हणालो, माझी सही काही इतकी वाईट नाही. गमतीत म्हणालो. ती म्हणाली, "सर, घर तुमचं एकच आहे." मी म्हणालो, अर्थात. बसमध्ये उताऱ्याची पिशवी विसरून आलो. कुणी परत आणून दिली नाही तर नवा काढायला पुन्हा सोमवारी या.

रविवार, १५ सप्टेंबर

अंजना पहाटेच्या गाडीने निपाणीला गेली, आईला सांगायला. घरात आवाज नाही.

दुपारी मी विनोदिनीला म्हणालो की पोरीने मला खोडले ते थोडे लागले; दोन वर्षांत सुटली असती, हट्टाने अडीच घेतली, व्यवहार कळत नाही अजून.

विनोदिनीने हातातले शिवण खाली ठेवले. "तुम्हाला खरंच कळलं नाही? सहा महिने तिनं तुमच्या घरासाठी दिले. बेंगळुरूचं पत्र लवकर आलं तर तेवढे महिने तिला थांबावं लागेल. ते तिनं मोजून दिले. आणि तुम्ही तिथं तीन म्हणालात."

"ते सामोपचारासाठी."

"हो का," ती म्हणाली, आणि फार मायेने म्हणाली, त्यामुळे मला खोटे रेटता आले नाही.

तर लिहितो. या पंधरा दिवसांत मी त्या करारावर इतके बोललो, पण मुदतीविरुद्ध एकदाही बोललो नाही. मला ती मुदत आवडली होती. चार वर्षे म्हटल्यावर मनात पहिल्यांदा आले ते असे की मागच्या खोलीतला दिवा आणखी चार वर्षे दिसेल. जामीनदार होण्याची घाईही त्यातलीच. आम्हा दोघांची नावे एकत्र असलेला एकही कागद नाही. ती माझी मुलगी नाही, भाची नाही; रेशनकार्डावर नाही, कशावरच नाही. त्या एका कागदावर ती माझी कुणीतरी झाली असती.

अडीच वर्षांनी, मार्च अठ्ठ्याऐंशी संपता संपता, ती बेंगळुरूला किंवा आणखी लांब जाईल. जावेच, मी स्वतः तिला गाडीत बसवीन. पगार सुरू झाला की तानीबाईंना ती आपल्याकडे नेईल, म्हणजे निपाणीला यायचेही कारण उरणार नाही. विद्यार्थी जातात, त्याची मला तीस वर्षांची सवय आहे. ही परत आली नाही तर काय, याची भीती वाटते. आणि ये म्हणून पत्र लिहायचे झाले तर खाली कोण म्हणून सही करू, ते मला माहीत नाही.